‘काकू, माझं अक्षर कसं आहे?’ : एका पानाच्या फोटोवर गेलेले पाच आठवडे

२ जून

शेजारच्या वहिनींच्या मुलाने रात्री व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘काकू, माझं अक्षर कसं आहे?’ मी छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं लेखकांची हस्तलिखितं वाचण्यातच गेली. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, पण फोटोवरून उत्तर देण्याची ही पहिलीच वेळ.

फोटो मोठा करून पाहिला. अक्षर गोलसर, आकार बरा. शिरोरेषा मात्र उजवीकडे चढत गेलेली. लगेच उत्तर टाकलं, ‘अक्षर छान आहे. फक्त शिरोरेषा वर जाते, ती सरळ काढायची सवय कर.’ दोन मिनिटांत मोकळी झाले.

हे वाचून कुणी असंच करणार असेल तर आत्ताच सांगते, ही दोन मिनिटं मला पुढे चार दिवसांना पडली. म्हणजे त्याला पडली.

६ जून

त्याने सरळ रेघांचा सराव केलेली तीन पानं पाठवली. बिचाऱ्याने पट्टी ठेवून रेघा मारल्या होत्या. पहिला फोटो पुन्हा उघडला आणि तेव्हा मला दिसायला हवं होतं ते आत्ता दिसलं. वहीची छापील ओळसुद्धा उजवीकडे चढत होती. मोबाइल तिरका धरला होता, दुसरं काही नाही. त्याची शिरोरेषा छापील ओळीला अगदी समांतर होती.

फोटोत कल पाहायचा तर आधी छापील ओळ पाहायची, आणि अक्षराची तुलना तिच्याशी करायची, स्क्रीनच्या कडेशी नाही. कोरा कागद असेल तर कलाबद्दल बोलायचंच नाही. कागदाच्या चारही कडा फोटोत असतील तर थोडाफार अंदाज येतो, एवढंच.

त्याला फोन करून चूक कबूल केली. तो म्हणाला, ‘असू दे काकू, रेघ तरी सुधारली.’ सुधारलेली नव्हती, ती आधीपासूनच चांगली होती.

७ जून

भरपाई म्हणून आज त्याच फोटोचा नीट अभ्यास केला आणि उलट्या टोकाची चूक केली. चौदा मुद्दे लिहून पाठवले. ‘क’चं पोट लहान, ‘ळ’ आडवा पसरतो, उकार ओळीखाली लोंबतात, मात्रा कधी उभी कधी आडवी, असं बरंच काही. त्यात एक मुद्दा पेनाचा होता. फोटोत अक्षरं जाड आणि गाठी भरून गेलेल्या दिसत होत्या, म्हणून लिहिलं की पेनची रेघ जाड आहे, बारीक टोकाचं घे.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१० जून

तीन दिवस काही आलं नाही म्हणून आज संध्याकाळी वहिनींकडे गेले. त्याने वही दाखवली. बारीक टोकाची दोन जेल पेनं आणली होती, साठ रुपयांची. शंभर पानी नवी वही, पस्तीस रुपये. आणि जुन्या वहीतलं ते मूळ पान समोर धरलं, तर गाठी सगळ्या मोकळ्या! साध्या बॉलपेनची नेहमीची रेघ. जाड अजिबात नाही.

मग लक्षात आलं. फोटो त्याने कागदपत्रं स्कॅन करायच्या ॲपमधून काढला होता. ते ॲप कागद पांढराफेक आणि शाई काळीकुट्ट करतं. बारीक रेघ त्यात एक तर फुगते, नाहीतर मधेच तुटते. ध, भ, थ यांच्या डोक्यावरच्या गाठी अगदी छोट्या असतात. त्या पहिल्यांदा भरतात.

ॲपची करामत ओळखायची खूण सोपी आहे. फोटोत वहीच्या फिकट निळ्या ओळी पुसट किंवा गायब असतील आणि कागदावर कुठेच सावली नसेल, तर पेन, दाब, शाई यांबद्दल काहीही बोलायचं नाही. त्या फोटोत ओळी खरंच पुसटल्या होत्या. चार दिवसांपूर्वी मी त्याच ओळींच्या कलावर प्रवचन दिलं होतं, तरी त्या पुसट का, हे विचारायचं सुचलं नाही.

पंच्याण्णव रुपये माझ्यामुळे गेले. वर त्या जेल पेनची शाई वहीच्या पातळ कागदात पसरते, हे वेगळंच.

तिथेच बसून दुसरी गोष्ट विचारली. खरं तर ती २ तारखेलाच विचारायला हवी होती. अक्षर कशासाठी सुधारायचंय? तो वर्णनात्मक परीक्षेची तयारी करतोय. क्लासमधल्या सराव पेपरवर तपासणाऱ्यांनी लाल शाईत ‘अक्षर सुधारा’ असे दोनच शब्द लिहिले होते. म्हणजे त्याला सुंदर अक्षर नको होतं. थकलेल्या परीक्षकाला न अडखळता वाचता येईल असं अक्षर हवं होतं. माझ्या चौदा मुद्द्यांतले निदान दहा या कामाचे नव्हते. ‘ळ’ आडवा पसरला म्हणून तो कुणी ‘क’ वाचत नाही.

११ जून

नवे फोटो मागवले. सूचना अशा दिल्या: खिडकीशी दिवसा, ट्यूबलाइटखाली नको. पान सपाट टेबलावर. मोबाइल पानाच्या बरोबर वर, चारही कडा दिसतील असा. स्कॅन ॲप नाही, साधा कॅमेरा. पानाच्या कडेला फूटपट्टी ठेवायची, म्हणजे अक्षराची उंची कळते. मोठं केलेलं अक्षर स्क्रीनवर कितीही दणकट दिसतं. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर तो दाबला जातो आणि अनुस्वार पुसट होतात.

मजकुराबद्दलही एक अट घातली. एक पान सावकाश आणि एक पान घड्याळ लावून, परीक्षेच्या वेगाने. पहिला फोटो ‘दाखवायला’ लिहिलेल्या पानाचा होता, हे त्याने हसत कबूल केलं.

फूटपट्टीवरून कळलं की वहीच्या दोन ओळींत आठ मिलिमीटर अंतर आहे आणि त्याच्या अक्षराची उंची, मात्रा-उकार सोडून, चारच्या आसपास. हे उत्तम आहे. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकत नाहीत. म्हणजे ‘उकार लोंबतात’ हा माझा मुद्दाही बाद.

१२ जून

आज ठरवलं की मी मत द्यायचंच नाही, कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. आमच्या ह्यांना चष्मा लावून वेगाने लिहिलेलं पान दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. ह्यांनी घडाघडा वाचलं. पाणीटंचाईवरचा निबंध होता. एकाच ठिकाणी अडले.

मी खूश झाले आणि मग पानावर बोट ठेवून एकेक शब्द पाहिला. ‘धरण भरले’ असं ह्यांनी वाचलं होतं, पण कागदावर जे होतं ते कुणीही ‘घरण मरले’ वाचावं असं होतं. ह्यांनी डोळ्यांनी नाही, अंदाजाने वाचलं. पाणीटंचाईच्या निबंधात धरणच येणार, आणि ते भरणारच. मराठी वाचणाऱ्याला संदर्भ मिळाला की तो अक्षराची सगळी पापं पोटात घालतो. परीक्षकही घालतो, पण दर वेळी क्षणभर थांबून. तिसाव्या उत्तरपत्रिकेपर्यंत त्या क्षणांचा वैताग होतो आणि मग तो ‘अक्षर सुधारा’ लिहितो.

थोडक्यात, निबंध वाचून घेण्याची चाचणी फुकट गेली.

१३ जून

आज संदर्भाची सोय काढून टाकली. महाराष्ट्रातल्या गावांची चाळीस नावं त्याला फोनवर सांगितली आणि परीक्षेच्या वेगाने लिहायला लावली. भूम, भोर, भोकरदन, धुळे, धारूर, घनसावंगी, थेऊर, येऊर, मोहोळ, यावल, मंठा, अंबड अशी. गावाच्या नावात मागचा-पुढचा शब्द मदतीला येत नाही. थेऊर आणि येऊर ही दोन्ही खरी गावं आहेत, एक पुण्याजवळ, एक ठाण्यात. त्यामुळे वाचणाऱ्याला पळवाट नाही.

ह्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी चेहरा बघण्यासारखा होता. ‘मूम? हे कुठलं गाव?’

चाळीसांतली नऊ नावं चुकली. त्यांतली सात ध, भ, थ यांची होती: भूमचं मूम, भोरचं मोर, धुळ्याचं घुळे, थेऊरचं येऊर वगैरे. उरलेली दोन, मंठा आणि अंबड, अनुस्वार घसरून पुढच्या अक्षरावर गेल्यामुळे. बाकी एकतीस नावं ह्यांनी न थांबता वाचली.

आता सातांचं कारण. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या जोड्यांत फरक असतो तो डावीकडे वर, डोक्याशी. भ, ध, थ यांची सुरुवात छोट्या गाठीने होते आणि तेवढ्या भागावर शिरोरेषा नसते. म, घ, य यांच्यावर ती अख्खी असते. हा मुलगा आधी शब्दाची सगळी अक्षरं लिहितो आणि मग एका फटकाऱ्यात शब्दभर शिरोरेषा ओढतो. ती रेघ गाठीवरून जाते. गाठ रेघेत बुडाली की ‘भ’चा ‘म’ होतो. त्याचा ‘भ’ चुकलेला नाहीच. तो नीट लिहून वर रेघ ओढून खोडला जातोय.

पहिल्या फोटोत मला हे दिसलं नव्हतं, कारण तिथे ॲपने गाठी भरल्या होत्या आणि दोष मी पेनला दिला होता.

(मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग अक्षरं तिला लटकवत. बाळबोधीत तसं केलं तर भ-म मधला फरक जन्मालाच येणार नाही.)

१४ जून

आज तिसरं उत्तर पाठवलं. याआधीची दोन वाया गेल्यामुळे हे तासभर लिहीत होते. जसंच्या तसं:

‘तुझं अक्षर वाचता येतं. चाळीसांतली एकतीस गावं तुझ्या काकांनी न थांबता वाचली. आकार आणि ओळींमधलं अंतर चांगलं आहे, त्याला हात लावू नकोस. अडतं ते एकाच जागी: शिरोरेषा भ, ध, थ यांच्या डोक्यावरून जाते, म्हणून ते म, घ, य वाटतात. फोटोत सात शब्दांना लाल गोल केलाय, तू स्वतः वाचून बघ. आठवडाभर एवढंच कर: या तीन अक्षरांशी आलास की रेघ थांबव आणि गाठीच्या उजवीकडून पुन्हा सुरू कर. बाकी काही बदलू नकोस. पुढच्या शनिवारी नवी चाळीस नावं सांगेन.’

अनुस्वाराचं मुद्दाम लिहिलं नाही. दोन गोष्टी एकदम सांगितल्या की वेगात लिहिताना दोन्ही सुटतात. आणि पहिलं वाक्य गोड लागावं म्हणून घातलेलं नाही. काय बदलायचं नाही हे सांगितलं नाही तर माणूस सगळंच बदलायला जातो, हे १० तारखेला दिसलं.

पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘अरे! मला पण मोर वाचलं गेलं 😀’

लाल गोल मूळ फोटोच्या प्रतीवर करायचे, हेही इथे नोंदवून ठेवते. शब्दांत ‘तिसऱ्या ओळीतला चौथा शब्द’ असं लिहिलं की समोरचा चुकीचा शब्द पाहतो आणि आपण वेगळ्याच अक्षराबद्दल बोलत बसतो.

१९ जून

त्याने स्वतःच्या डोक्याने एक प्रयोग केला: शिरोरेषाच सोडून दिली. ‘रेघ नाही तर गाठ बुडणार कशी,’ हा त्याचा युक्तिवाद. शिवाय वेग वाढतो. दहा मिनिटांत १९० शब्द लिहायचा, ते २१० झाले.

पान ह्यांना दिलं. भ, ध, थ स्पष्ट वाचले, हे खरं. पण ‘तो कडा चढून गेला’ हे त्यांनी ‘तोकडा’ असं वाचायला घेतलं आणि थबकले. पुढेही दोन-तीन ठिकाणी तसंच. देवनागरीत शब्द कुठे संपला हे शिरोरेषाच सांगते. ती काढली तर शब्दांमधली मोकळी जागा वाढवावी लागते, आणि हा मुलगा शब्दांमध्ये जेमतेम एका अक्षराची जागा सोडतो. वेगात तीही आक्रसते.

शिरोरेषा न काढता सुवाच्य लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. एका लेखकांची पाचशे पानं मी तशीच वाचली होती. पण ते शब्दांमध्ये दोन अक्षरांएवढी जागा सोडत. अशी सवय वर्षांची असते, परीक्षेच्या तोंडावर ती लावता येत नाही. प्रयोग बंद. पाच दिवस गेले, पण त्याला रेघेचं काम कळलं. ते मी सांगून कळलं नसतं.

२२ जून

रेघ थांबवण्याचा सराव कसा करायचा यावर अडलो होतो. त्याने ‘भ भ भ भ’ अशी दोन पानं गिरवली. त्यात सगळे भ उत्तम. नंतर परिच्छेद लिहिला तर पुन्हा मूम! सुटं अक्षर गिरवताना शब्दभर ओढली जाणारी रेघच येत नाही, आणि चूक तर त्या रेघेत आहे. शाळेतल्या पुस्तीची हीच अडचण आहे. ती अक्षराचा आकार घोटवते, शब्दाची हालचाल घोटवत नाही.

म्हणून गाठीचं अक्षर शब्दाच्या मधे येईल असे शब्द दिले: अभंग, साधन, कथन, प्रभाव, विधान, शेतीमधील. या शब्दांत हात रेघ ओढत मधे पोचतो तेव्हा थांबावंच लागतं. जोडीला उलटे शब्द: जमाव, निघाला, समय. यांत थांबायचं नाही. रोज पंधरा मिनिटं, शेवटची पाच घड्याळ लावून.

पहिले दोन दिवस रेघ ‘म’वरही तुटायला लागली. हे अपेक्षित होतं आणि त्याने बिघडत नाही. ‘म’वरची रेघ तुटली तरी तो ‘म’च वाचला जातो, कारण त्याला डोक्यावर गाठच नाही.

त्याने मधेच विचारलं की ल पाकळीचा काढू की दंडाचा, कुणीतरी त्याला शासन निर्णयाचं सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलाय, हे बरोबर. पण वाचताना ल कुठलाही असला तरी कुणी अडत नाही. एका पानावर दोन प्रकारचे नकोत, इतकंच सांगितलं आणि विषय बंद केला. असे फाटे फुटतात तेव्हा मूळ काम मागे पडतं.

२९ जून

नवी चाळीस नावं, परीक्षेचा वेग. ह्यांना भ-म ची युक्ती आता पाठ झाली आहे, ते गाठ शोधूनच वाचतात. म्हणून वाचायला वहिनींच्या भाचीला बसवलं. बारावीतली मुलगी, यातलं काहीच माहीत नाही.

चाळीसांत तीन चुका. त्यांतली भ-ध-थ ची एकच, ‘धारणी’चं ‘घारणी’. दोन पुन्हा अनुस्वाराच्या. वेग थोडा उतरला, दहा मिनिटांना १९० वरून १७५. रेघेसाठी हात जास्त वेळा उचलावा लागतो, त्याची ही किंमत. त्याला चालण्यासारखी आहे का, हे मी विचारलं. त्याच्या हिशेबाने उत्तरं पूर्ण होतात.

आता अनुस्वाराचा विषय काढला. कारण असं की तो शब्द पूर्ण करून, रेघ ओढून, सगळ्यात शेवटी टिंब देतो. हात तोवर उजवीकडे पुढे गेलेला असतो, म्हणून टिंब एक अक्षर पुढे पडतं. उपाय: रेघ ओढताना त्या अक्षरावर आलं की तिथेच टिंब द्यायचं. रेघ थांबवायची सवय आता झालीच आहे, त्यामुळे हे लगेच जमलं. १४ तारखेला हे एकदम सांगितलं असतं तर दोन्ही फसलं असतं, असं वाटतं.

६ जुलै

आज त्याने पूर्ण सराव पेपर दिला आणि सगळ्या पानांचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवले. फूटपट्टी न सांगता ठेवली होती.

सुरुवातीची आठ पानं स्वच्छ. नवव्या पानापासून, म्हणजे साधारण तासाभरानंतर, शिरोरेषा पुन्हा एका फटकाऱ्यात यायला लागली आणि अकराव्या पानावर ‘भूमी अधिग्रहण’चं ‘मूमी’ झालं. हात दमला की जुनी चाल परत येते. त्या पानांवर अक्षरंही उजवीकडे बारीक होत गेली आहेत, म्हणजे पेन घट्ट धरलं जातंय. हे पहिल्या एका पानाच्या फोटोवरून कधीच कळलं नसतं.

उत्तर पाठवलं: ‘पहिली आठ पानं जमली. आता पंधरा मिनिटांचा सराव बंद कर आणि आठवड्यातून दोनदा सलग दीड तास लिही. फोटो फक्त शेवटच्या दोन पानांचे पाठव.’

पुढचे फोटो बुधवारी येतील. तोवर त्याच्या त्या दोन जेल पेनांतलं एक माझ्याकडे आलंय, दुधाचा हिशेब लिहायला.